दहा हजारांत पन्नास रुग्ण: प्रिसिजन धरायचं की रिकॉल? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रुग्ण मूठभर आणि निरोगी माणसं हजारोंनी असतील, तर मॉडेलचे आकडे वाचताना भलेभले गडबडतात. इथले सगळे प्रश्न एकाच उदाहरणावर सोडवले आहेत, म्हणजे दर वेळी नवे आकडे डोक्यात घ्यायला नकोत.

उदाहरण असं: बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर निघतात. त्याआधी गावोगावी शिबिरं घेऊन १०,००० प्रौढांच्या छातीचे एक्स-रे काढले. सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला ० ते १ मधला गुण देतं. गुण कट-ऑफच्या वर गेला की माणूस ‘संशयित’ ठरतो आणि त्याच्या बेडक्याची जनुकीय तपासणी, म्हणजे सीबीनॅट, होते. या १०,००० जणांत फुफ्फुसाच्या टीबीचे ५० रुग्ण आहेत असं धरलं आहे. हे आकडे हिशोबासाठी घेतलेले आहेत, कुठल्या तालुक्याचे नाहीत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातलं प्रमाण लाखामागे तीनशेच्या आसपास निघालं होतं. आपण त्याहून थोडं जास्त धरलं आहे.

१. प्रिसिजन आणि रिकॉल यांची कायम उलटापालट होते. साध्या भाषेत सांगाल का?

दोन्हींत वर एकच आकडा असतो: बरोबर पकडलेले रुग्ण. फरक आहे तो कशाने भागायचं यात. संशयितांच्या यादीतल्या एकूण नावांनी भागलं की प्रिसिजन मिळतं. गावातल्या एकूण खऱ्या रुग्णांनी भागलं की रिकॉल.

कट-ऑफ ०.५० ठेवल्यावर ८४० जण संशयित ठरले आणि त्यांत ४४ खरे रुग्ण निघाले असं समजा. प्रिसिजन ४४ भागिले ८४०, म्हणजे ५.२%. रिकॉल ४४ भागिले ५०, म्हणजे ८८%. यादी हातात घेऊन ‘यातले खरे किती?’ असं विचारलं की प्रिसिजन. गावाकडे बघून ‘इथल्या रुग्णांतले सापडले किती?’ असं विचारलं की रिकॉल.

डॉक्टर मंडळी रिकॉलला सेन्सिटिव्हिटी आणि प्रिसिजनला पीपीव्ही म्हणतात. त्यांचा आणखी एक शब्द पुढे लागेल, स्पेसिफिसिटी: निरोगी माणसांपैकी किती टक्क्यांना यंत्राने बरोबर सोडून दिलं. इथे ९,९५० निरोगी लोकांपैकी ७९६ विनाकारण यादीत आले, म्हणून स्पेसिफिसिटी ९२%.

२. आमच्या मॉडेलची अचूकता ९९.५% आली, तरी सर म्हणतात मॉडेल काही कामाचं नाही. असं कसं?

सगळ्यांनाच ‘निरोगी’ म्हणणारं मॉडेल लिहून बघा. एक्स-रे न बघताच ते १०,००० पैकी ९,९५० वेळा बरोबर ठरेल. अचूकता ९९.५%, सापडलेले रुग्ण शून्य. याउलट प्रश्न १ मधलं ४४ रुग्ण शोधणारं मॉडेल अचूकतेत ९२% वर अडकतं. म्हणजे अचूकतेवर निवड केली, तर काहीच न करणारं मॉडेल जिंकतं. असंतुलित डेटावर हा आकडा अहवालात लिहूच नये असं आमचं मत आहे, कारण तो लिहिला की वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

३. प्रिसिजन फक्त ५%! शंभर जणांना घाबरवून पाच रुग्ण शोधायचे, म्हणजे मॉडेल टाकाऊच ना?

नाही. ५% कडे बघताना आधीचा आकडाही बघायचा असतो. मॉडेल नसतं आणि शंभर जण डोळे मिटून निवडले असते, तर त्यांत सरासरी अर्धा रुग्ण मिळाला असता. आता पाच मिळतात. यादी दहापटीने सघन झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या पहिल्या चाळणीसाठी किमान अपेक्षा ठेवली आहे ती रिकॉल ९०% आणि स्पेसिफिसिटी ७०% अशी. ती आपल्या गावांवर लावून बघा. ५० पैकी ४५ रुग्ण सापडतील आणि ९,९५० च्या ३०%, म्हणजे २,९८५ निरोगी लोक यादीत येतील. प्रिसिजन १.५%. एवढं कमी प्रिसिजन मान्य होतं, कारण चाळणीनंतर थेट गोळ्या सुरू होत नाहीत, बेडका तपासला जातो. यादीत चुकून आलेल्याचा एक सकाळचा वेळ आणि सीबीनॅटचं एक काड्रिज खर्ची पडतं. सुटलेला रुग्ण मात्र पुढचे पाच-सहा महिने टोळीसोबत एकाच खोपटात झोपतो.

‘मग नुसता खोकला-ताप विचारून भागणार नाही का?’ असंही बरेच जण विचारतात. वर उल्लेख केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ४२.६% रुग्ण असे होते की एक्स-रे नसता तर ते सुटले असते. लक्षणांवरची चाळणी स्वस्त आहे, पण तिचं रिकॉल तिथेच तुटतं.

४. कट-ऑफ नेमका कुठे ठेवायचा? सॉफ्टवेअरमध्ये ०.५० आधीच भरलेला आहे, तोच ठेवू का?

०.५० मध्ये काही पावित्र्य नाही. बनवणाऱ्याने ज्या लोकांवर यंत्र तपासलं त्यांच्यासाठी तो कदाचित बरा असेल. तीन ठिकाणी कट-ऑफ ठेवून आपल्या उदाहरणात काय होतं ते बघा.

| कट-ऑफ | संशयित | खरे रुग्ण | रिकॉल | प्रिसिजन |
|---|---|---|---|---|
| ०.७० | २३४ | ३५ | ७०% | १५% |
| ०.५० | ८४० | ४४ | ८८% | ५.२% |
| ०.३० | २,०३७ | ४७ | ९४% | २.३% |

बहुतेक जण शेवटचे दोन रकाने बघून वाद घालतात. आमचा सल्ला असा की ते झाकून ठेवा आणि एका ओळीतून दुसरीत जाताना काय बदलतं एवढंच बघा. ०.७० वरून ०.५० वर आलात की ९ रुग्ण जास्त सापडतात आणि ६०६ तपासण्या वाढतात. एका जादा रुग्णामागे ६७ तपासण्या. तिथून ०.३० वर उतरलात की फक्त ३ रुग्ण वाढतात आणि तपासण्या १,१९७. एका जादा रुग्णामागे ३९९.

निर्णय या ६७ आणि ३९९ वर घ्यायचा. २.३% प्रिसिजन पाहून वाटतं की एका रुग्णामागे ४३ तपासण्या पडतात, पण ती सरासरी आहे. सोपे रुग्ण आधीच सापडलेले असतात आणि शेवटचे तीन फार महाग पडतात. सरासरी ते झाकून टाकते.

आकडे काढायची रीत अशी: आधी किमान रिकॉल ठरवा आणि ते पाळणारा सर्वांत वरचा कट-ऑफ शोधा.

```python
from sklearn.metrics import precision_recall_curve
p, r, t = precision_recall_curve(y_val, score)
cut = t[r[:-1] >= 0.90].max()
print(cut, (score >= cut).sum())
```

`t` ची लांबी `r` पेक्षा एकाने कमी असते, म्हणून `r[:-1]`. शेवटी छापलेला आकडा म्हणजे किती जण संशयित ठरतील. तो घेऊन प्रयोगशाळेत जा आणि ‘एवढं झेपेल का?’ असं विचारा. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढचा प्रश्न वाचा.

५. आमच्याकडे एकच चार खणांचं सीबीनॅट यंत्र आहे. ८४० तपासण्या कशा होणार?

एका तपासणीला दोन तासांच्या आसपास लागतात. आठ तासांत कागदावर १६ बसतात, पण नमुने उशिरा येणं, लाइट जाणं, एखादा निकाल ‘एरर’ येणं हे धरून दिवसाला १२ धरा. ८४० तपासण्यांना ७० दिवस लागतील, आणि निकाल येईपर्यंत टोळी मुकादमाबरोबर सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात पोहोचलेली असेल. निकाल आला पण माणूस सापडला नाही, तर कागदावरचं ८८% रिकॉल प्रत्यक्षात कितीतरी खाली येतं.

एक पर्याय म्हणजे कट-ऑफ ०.७० करणं. २३४ तपासण्या २० दिवसांत उरकतात, पण १५ रुग्ण सुटतात.

दुसरा पर्याय म्हणजे चार जणांचे नमुने एकत्र करून एकाच काड्रिजवर चालवणं. गट निगेटिव्ह आला की चौघेही मोकळे. पॉझिटिव्ह आला की चौघांची वेगवेगळी तपासणी करायची. ८४० जणांचे २१० गट होतात. यादीत रुग्ण ५.२% असल्याने यांतले साधारण ४० गट पॉझिटिव्ह येतील, त्यांच्या १६० तपासण्या. एकूण ३७०, म्हणजे ३१ दिवस. शिबिरं ऑगस्टअखेर सुरू केली तर दसऱ्याआधी जमू शकतं.

यात गंमत अशी की इथे कमी प्रिसिजन पथ्यावर पडतं. यादीत रुग्ण जितके विरळ, तितके जास्त गट एका झटक्यात मोकळे होतात. तोटाही आहे: नमुना पातळ होतो आणि ज्याच्या बेडक्यात जंतू कमी आहेत असा रुग्ण निसटू शकतो. म्हणून उरलेला नमुना टाकून देऊ नका. एक्स-रेचा गुण ०.७० च्या वर असलेल्यांना गटात न घालता सुटे तपासा. त्यांच्यात रुग्ण दाट असतात, त्यामुळे गट करून वाचतही फारसं नाही.

६. F1 सर्वांत जास्त येईल तो कट-ऑफ घेतला तर वादच मिटेल ना? नाहीतर F2?

F1 आणि F2 प्रिसिजन आणि रिकॉल मिळून एकच आकडा करतात. वाद मिटेल, पण चुकीच्या जागी. वरच्या तीन कट-ऑफना F1 अनुक्रमे ०.२५, ०.१० आणि ०.०४५ येतो. जिंकतो तो ०.७०, म्हणजे १५ रुग्ण सोडणारा.

‘F2 रिकॉलला झुकतं माप देतो’ असं सगळे सांगतात, म्हणून तोही काढून बघा: ०.४०, ०.२१, ०.११. पुन्हा ०.७० च! कारण सूत्र उलगडल्यावर दिसतं.

```text
F2 = 5*TP / (5*TP + 4*FN + FP)
```

`TP` म्हणजे बरोबर पकडलेला रुग्ण, `FN` म्हणजे सुटलेला रुग्ण आणि `FP` म्हणजे विनाकारण यादीत आलेला. F2 च्या हिशोबात एक रुग्ण सुटणं हे चार जणांची फुकट तपासणी होण्याइतकंच वाईट आहे. F1 मध्ये तर एकास एक. टीबीच्या चाळणीत हे प्रमाण कुणालाच मान्य होणार नाही. रुग्ण अर्धा टक्का असताना चारपट वजन हे वजनच नव्हे.

‘एक सुटलेला रुग्ण बरोबर किती फुकट तपासण्या?’ याचं उत्तर जिल्हा क्षयरोग अधिकारी आणि प्रयोगशाळा यांनी बसून ठरवायचं असतं. उत्तर १०० आलं तर प्रश्न ४ मधल्या ६७ आणि ३९९ कडे बघा: ०.५० पर्यंत उतरणं परवडतं, ०.३० पर्यंत नाही. F च्या कुठल्याही प्रकाराची गरज पडली नाही.

७. हेच सॉफ्टवेअर मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत ५५% प्रिसिजन देतं आणि आमच्या शिबिरात ५%. यंत्र बिघडलंय का?

यंत्र तेच आहे, बदलली ती समोरची माणसं. ओपीडीत महिनाभर खोकणारे लोक येतात. समजा तिथे १,००० पैकी १०० जणांना टीबी आहे. तेच ८८% रिकॉल आणि ९२% स्पेसिफिसिटी लावा: ८८ रुग्ण सापडतात, ९०० निरोगी लोकांतले ७२ चुकून येतात. ८८ भागिले १६०, म्हणजे ५५%.

रिकॉल आणि स्पेसिफिसिटी बऱ्यापैकी यंत्राबरोबर प्रवास करतात, प्रिसिजन करत नाही. त्यामुळे माहितीपत्रकात ‘प्रिसिजन ९०%’ दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुणावर तपासलं आणि त्यांत रुग्ण किती होते? (बऱ्यापैकी म्हणायचं कारण असं की ओपीडीतल्या रुग्णांचा आजार पुढे गेलेला असतो आणि एक्स-रेवर ठळक दिसतो. शिबिरात सुरुवातीच्या अवस्थेतले रुग्ण जास्त, म्हणून रिकॉलही थोडं घसरतं.)

८. रुग्णांचे कृत्रिम नमुने तयार करणारं SMOTE वापरून डेटा निम्मा-निम्मा केला आणि प्रिसिजन ९२% झालं. प्रश्न सुटला ना?

तपासणीचा संचही निम्मा-निम्मा केला असेल, तर प्रश्न सुटला नाही, नजरेआड झाला. तेच ८८ आणि ९२ चं यंत्र निम्म्या-निम्म्या संचावर चालवा: १०० रुग्णांत ८८ सापडले, १०० निरोगींत ८ चुकले, प्रिसिजन ९२%. गावात नेलं की पुन्हा ५.२%.

शिकवण्याच्या डेटात नमुने वाढवणं किंवा `class_weight="balanced"` देणं चालतं, पण तपासणीच्या संचाला हात लावायचा नाही. शिवाय वजनं बदलली की मॉडेलचे गुण वर सरकतात. मग ०.६० गुण म्हणजे ‘६०% शक्यता’ असा अर्थ उरत नाही. कट-ऑफ पुन्हा, खऱ्या प्रमाणाच्या संचावर, प्रश्न ४ च्या रीतीने काढावा लागतो. बऱ्याचदा असं दिसतं की SMOTE ने जे साधलं, ते नुसता कट-ऑफ खाली आणूनही साधलं असतं.

९. म्हणजे रिकॉलच महत्त्वाचं, प्रिसिजन सोडूनच द्यायचं?

पहिल्या चाळणीपुरतं रिकॉल पुढे. ज्या टप्प्यानंतर औषध सुरू होतं, तिथे प्रिसिजन. टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे, औषधांनी यकृताला त्रास होऊ शकतो, आणि नाव नोंदवलं गेलं की घरात, गावात बोभाटा होतो. निरोगी माणसावर हे लादणं ही एक सकाळ वाया जाण्यासारखी गोष्ट नाही.

आपल्या ८४० जणांची सुटी सीबीनॅट केली आणि तिचं रिकॉल ८५%, स्पेसिफिसिटी ९९% धरली, तर ४४ पैकी ३७ रुग्ण पक्के होतात आणि ७९६ निरोगींतले ८ चुकून पॉझिटिव्ह येतात. ४५ पैकी ३७, प्रिसिजन ८२%. दोन टप्पे लावल्यावर ०.५% वरून ५.२% आणि तिथून ८२%.

पण रिकॉलकडे बघा. ते टप्प्यागणिक गुणलं जातं: ०.८८ गुणिले ०.८५, म्हणजे ७५%. पन्नासातले १३ रुग्ण अजून गावातच आहेत. दुसरा टप्पा पहिल्याने सोडलेला रुग्ण परत आणू शकत नाही. म्हणूनच पहिली चाळणी सैल ठेवतात. आणि जे बेडका देऊच शकत नाहीत ते तिसऱ्या वाटेने गळतात. त्यांची संख्या हिशोबात वेगळी दाखवा, ‘निगेटिव्ह’मध्ये मिसळू नका.

१०. संशयित नसलेल्यांची तर तपासणीच झाली नाही. मग रिकॉल ८८% हे कळलं कशावरून?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि खरं तर तो सर्वांत आधी विचारायला हवा. यादीतल्यांचीच तपासणी झाली असेल, तर प्रिसिजन कळतं, रिकॉल कळत नाही. सापडलेल्या रुग्णांना सापडलेल्या रुग्णांनीच भागून ‘१००% रिकॉल’ लिहिलेले अहवालही असतात.

‘मग उरलेल्यांतले ३०० जण चिठ्ठ्या टाकून तपासू’ हा उपाय सुचतो, पण पुरत नाही. उरलेत ९,१६० आणि त्यांत रुग्ण ६. तीनशे जणांत सरासरी ०.२ रुग्ण येईल, म्हणजे बहुधा एकही नाही, आणि तुम्ही ‘एकही सुटला नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. त्यापेक्षा कट-ऑफच्या लगेच खालच्या पट्ट्यातले, समजा ०.३० ते ०.५० गुणांचे, जास्त तपासा. अगदी खालच्या गुणांचे थोडे तपासा. मग प्रत्येक पट्ट्यात सापडलेला आकडा त्या पट्ट्याच्या एकूण संख्येच्या प्रमाणात वाढवा.

एवढं करूनही रुग्ण पन्नासच आहेत हे विसरू नका. ५० पैकी ४४ सापडले तर ९५% खात्रीचा पट्टा साधारण ७६% ते ९४% इतका रुंद असतो. दुसऱ्या मॉडेलने ५० पैकी ४६ शोधले म्हणून ते सरस ठरत नाही.

११. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेलाय, त्यांना यंत्र दर वेळी पकडतं. त्यांना वगळावं का?

वगळू नका, कारण त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. पण त्यांचा हिशोब वेगळा ठेवा. बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण एक्स-रेवर राहतात आणि सॉफ्टवेअर त्यांना भरघोस गुण देतं. खडी क्रशरवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या फुफ्फुसांचंही तेच. या गटांत स्पेसिफिसिटी घसरते. सगळ्यांसाठी एकच कट-ऑफ ठेवला, तर मर्यादित काड्रिजमधली मोठी संख्या तेच खाऊन टाकतात. म्हणून नाव लिहून घेतानाच ‘पूर्वी टीबीची औषधं घेतली होती का, कधी?’ हे विचारा आणि त्यांचा कट-ऑफ त्यांच्याच आकड्यांवरून काढा.

दुसरी अडचण प्रयोगशाळेत येते. सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधते, आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही उपचारानंतर बराच काळ बेडक्यात मिळू शकतो. अलीकडेच औषधं संपवलेल्या माणसाचा ‘अत्यल्प’ पॉझिटिव्ह निकाल आला तर प्रश्न ९ मधली ९९% स्पेसिफिसिटी त्याला लागू होत नाही. अशा वेळी जंतू जिवंत आहेत का हे कल्चरवर बघावं लागतं. द्रव माध्यमावर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. म्हणून अशा माणसाचा फोन नंबर, मुकादमाचा नंबर आणि टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार आहे हे नमुना घेतानाच लिहून ठेवा.